तीनशे पन्नासची चादर

ती चूक माझी होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

जुळे सोलापुरात आमचं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस आहे. त्यात वयाने मीच मोठा. ट्रेनिंगवर आलेली एक मुलगी मोहोळहून रोज एसटीने यायची. एका चादरीवाल्या शेठजींच्या साइटवरचं मालाचं पान तिने एकटीने बांधलं होतं: एकेका चादरीचा फोटो आणि किंमत असलेली कार्डं, ओळीने. ते काम नीट झालं की तिला कायम करायचं, असा आमच्या मालकांचा शब्द होता.

तिने मला ते दाखवलंही होतं. "सर, चार कॉलम असं लिहायचंच नाही. ऑटो-फिट लावायचं, आणि एका कार्डाला निदान दोनशे साठ पिक्सेल पाहिजेत एवढं सांगायचं. किती बसतात ते ब्राउझर बघतो की." मग तिने खिडकीची कड माउसने धरून आत ढकलली. चाराची ओळ तिनाची झाली, मग दोनाची, शेवटी एकाखाली एक. तिला त्याचा लई आनंद झाला होता. मी "हं" म्हणालो. मला तेव्हा ऑटो-फिट नीटसं येत नव्हतं. तेही मी सांगितलं नव्हतं.

साइटच्या उद्‌घाटनाच्या आदल्या दुपारी ती रजेवर होती आणि शेठजी ऑफिसात आले. मोठ्या स्क्रीनसमोर बसून म्हणाले, "फोटो लहान दिसतात हो. मोठे करा, पण ओळीत चारच पाहिजेत." मी पानाच्या रुंदीची मर्यादा काढली आणि दोनशे साठचे तीनशे ऐंशी केले. तिने त्या आकड्याभोवती आणखी एक कंस घातला होता: शंभर टक्के किंवा दोनशे साठ, यातलं जे कमी असेल ते. मला तो उगाचचा वाटला. काढून टाकला. मोठ्या स्क्रीनवर चार कार्डं दिमाखात बसली. माझ्या फोनवरही एकाखाली एक, व्यवस्थित. माझा फोन रुंद आहे, एवढं लक्षात घ्यायला हवं होतं. शेठजी खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी उद्‌घाटनाला शेठजींच्या दुकानात व्यापारी जमले, मालक, ती आणि मीही होतो, आणि सगळ्यांनी आपापल्या फोनवर साइट उघडली. ज्यांचे फोन अरुंद, त्यांच्याकडे कार्ड तीनशे ऐंशीच्या खाली यायला तयार नव्हतं. उजवी कड पडद्याबाहेर गेली. पान आडवं सरकू नये म्हणून मीच पूर्वी कोडात एक ओळ घातली होती, त्यामुळे सरकवूनही ती दिसेना. किंमत होती नेमकी उजव्या कडेला. शेवटचा आकडा कापला गेला.

"शेठ, चादर पस्तीस रुपयाला? शंभर द्या की मला!"

"मला तर तीनशे पन्नास दिसतंय. माणूस बघून भाव लावलाय व्हय?"

हसण्याने दुकान भरलं. शेठजी हसले नाहीत. मालकांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "कुणी केलं हे?"

ती लॅपटॉप उघडून बसली होती. फाइल बघताच तिला कळलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अपलोडचं लॉगिन आम्हा सगळ्यांचं एकच. कुणी काय बदललं याचा मागमूस राहत नसे. मी बुटाकडे बघत राहिलो.

"मी बघते," ती म्हणाली. कंस परत घातला. त्याने कार्ड पडद्याच्या रुंदीपेक्षा जास्त जागा मागत नाही, एवढंच. पान लगेच सरळ झालं.

मालकांनी ते 'मी बघते' कबुलीसारखं धरलं. "ट्रेनिंगवाल्यांवर सोडलं की असं होतं," ते शेठजींना म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. महिनाअखेरीला तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

सामान न्यायला आली तेव्हा जिन्यात गाठ पडली. मी म्हणालो, "तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल, सर."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. ती खाली उतरून गेली. तिच्या जागी कुणाला घेतलं नाही. तिची कामं माझ्याकडे आली आणि त्यांच्याबरोबर पगारवाढही. मी ती घेतली. शेठजी अजून दुकानातल्या नव्या पोरांना ते पान दाखवून म्हणतात, "बघा, सरांनी केलंय." मी तेही दुरुस्त करत नाही.

मालक अजून तेच आहेत, रोज माझ्यासमोर चहा घेतात. त्यांना एक वाक्य सांगायचं आहे: तो बदल मी केला होता. आणि मोहोळला जाऊन, तिच्या घरच्यांसमोर, तिची माफी मागायची आहे. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.