चार जानेवारीचा पक्षी

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत ती बसायची. दारावर पाटी होती ‘पक्षी नोंद विभाग’, पण विभाग म्हणजे ती एकटीच. लोक पक्ष्यांचे फोटो पाठवायचे, ती ते तपासून नोंदवहीत घ्यायची. गेली एकोणीस वर्षं हेच काम. फोटो आला की तिचे ठरलेले दोन प्रश्न जायचे : कुठे काढला? कधी काढला? त्यावरून अख्खं संग्रहालय तिला ‘कुठेकधीबाई’ म्हणायचं. थोरली बहीण तर जेवायला बोलवायची तीसुद्धा असंच म्हणून, “माझ्याच घरी, रविवारी, एक वाजता. आता येशील ना?”

लोकांची उत्तरं मात्र ऐकण्यासारखी असत. “माझ्या मोबाईलवर काढला.” “गेल्या वेळी.” “आमच्या साडूंनी पाठवला, त्यांना कुणीतरी पाठवला होता.” असला दहा हातांतून फिरून आलेला फोटो पाहिला की तिचं डोकं उठायचं. कारण सारखे दिसणारे पक्षी पुष्कळ. पिसांवरून निवाडा होत नाही तेव्हा जागा आणि तारीखच कामाला येते. हा इथून हजार कोसांवर राहतो, म्हणजे हा नव्हे. तो थंडीत इकडे नसतोच, म्हणजे तोही नव्हे. अशी नावं खोडत गेलं की शेवटी एखादं उरतं.

सप्टेंबरात तिच्याकडे एक फोटो आला. पाठवणारा शहराबाहेरच्या जुन्या पाणीपुरवठा केंद्रावरचा पंपवाला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. केंद्रात पाणी निवळायचे दोन जुने तलाव होते, आता वापरात नसलेले, काठापासून मध्यापर्यंत उंच गवतासारखा बोरू माजलेला. दुपारी पंप लावून झाला की हा कॅमेरा घेऊन बांधावरून फिरायचा. फोटोत एक चिमुकला तपकिरी पक्षी वाळक्या काडीला बिलगून बसला होता. डोक्यावर काळसर टोपी, डोळ्यावर फिकट भुवई, पाठीवर रेघा. फोटो जरा हललेला.

अशा दिसण्याचे तीन पक्षी तिला ठाऊक होते. तिसरा या देशाच्या वाटेलाही फिरकत नाही. त्याचा जायचा-यायचा रस्ता लांबच्या किनाऱ्यावरून. तो गेला. उरले दोन. एक पाहुणा वटवट्या, उन्हाळ्यात सगळीकडे दिसणारा. दुसरा मिशीवाला वटवट्या, बारमाही इथलाच, पण बोरूची तळी बुजत गेली तसा दिसेनासा झालेला. नोंदवहीत त्याची शेवटची नोंद बावीस वर्षांपूर्वीची. फोटो स्वच्छ असता तर भुवईचा पांढरेपणा आणि टोपीचा काळेपणा पाहून सांगता आलं असतं. या फोटोवरून नाही.

पण फोटोसोबत तारीख होती : त्याच वर्षाची चार जानेवारी. आणि जानेवारीत पाहुणा समुद्रापार गेलेला असतो. चाळीस वर्षांच्या वह्यांत त्याची एकही हिवाळी नोंद नव्हती.

तिने पंपवाल्याला फोन केला. “काका, हा फोटो तुमच्या तलावावरचाच ना?”

“दुसरीकडे मी जातो कुठे, बाई?”

“आणि तारीख?”

“फोटोवर आलीय की. मशीन खोटं कशाला बोलेल?”

तिने नोंद घेतली. मिशीवाला वटवट्या, एक, जुना तलाव, चार जानेवारी. त्या दिवशी ती जिन्यावरून उड्या मारत वर गेली आणि संग्रहालयाच्या साहेबांना सांगून आली.

इथून गोष्ट तिच्या हातात राहिली नाही. ते तलाव बुजवून तिथे मालगाड्यांचा तळ करायचं नगरपालिकेत घाटत होतं. नोंदीची बातमी छापून आली, तलावाशेजारच्या वस्तीने अर्ज केला, सुनावणी लागली. पंपवाला एका आठवड्यात मोठा माणूस झाला. आणि नोव्हेंबरात नगरपालिकेच्या सल्लागाराचं दोन ओळींचं पत्र आलं : मूळ फोटो पाहायला मिळावा.

पत्र वाचून तिने पंपवाल्याला फोन लावला. मूळ फोटो तिने मागितलाच नव्हता. आला होता तो कापून फक्त पक्ष्यापुरता ठेवलेला तुकडा. शाळकरी पोरांनाही ती मूळ फोटो मागायची, आणि इथे मात्र आनंदाच्या भरात विसरली होती.

मूळ फोटो आला. तिने तो उघडला आणि बघतच राहिली. पक्षी बसलेली काडी वाळकी होती खरी, गेल्या सालची. पण मागे सगळा बोरू हिरवागार, कंबरेएवढा, लुसलुशीत. कोपऱ्यात पाण्याकडेला पिवळी फुलं. जानेवारीत तो बोरू पेंढ्यासारखा वाळलेला असतो, फुलं तर नावालाही नसतात.

ती तशीच बस पकडून पंपघरात गेली. पंपवाला चहा उकळत होता.

“या बाई! सुनावणीला मी नवा शर्ट—”

“काका, आधी कॅमेरा द्या.”

तिने कॅमेऱ्यातली आजची तारीख काढली. भिंतीवरच्या कॅलेंडरात बारा नोव्हेंबर. कॅमेऱ्यात सोळा जून.

“मध्ये बॅटरी बदलली होती का?”

“बदलली ना. मग ते तारीख विचारत बसलं. साल तेवढं बरोबर घातलं. दिवस-महिना कोण बघतंय?”

साल बरोबर, आणि बाकी आपोआप एक जानेवारी. तिने पंपाच्या नोंदीच्या कोऱ्या कागदावर दिवस मोजले. चार जानेवारी ते सोळा जून, एकशे त्रेसष्ट. बारा नोव्हेंबरपासून तेवढे दिवस मागे गेलं की येते दोन जून. ऐन उन्हाळा. बोरूत पाहुण्यांची नुसती झुंबड उडालेली.

“म्हणजे पक्षी तो नाही?” पंपवाल्याने विचारलं.

“असेलही, नसेलही. तेच तर! जानेवारी होता म्हणून मी दुसऱ्याला खोडलं होतं. जूनमध्ये दोघंही असतात. आता फोटोवरून काहीच सांगता येत नाही.”

“मग सांगू नका ना. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय.”

त्याने चहाचं भांडं खाली उतरवलं, पण कप एकच भरला, स्वतःचा. “माझं काय, मी अडाणी. तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच बघायचं होतं आधी,” तो म्हणाला. बसमध्ये ती वाटभर त्याच्यावर चिडली, मग कॅमेरा बनवणाऱ्यांवर, आणि घर येईपर्यंत सगळा राग फिरून स्वतःवरच आला.

सुनावणीत तिने नोंद मागे घेतली. सल्लागार हसला नाही, उलट सभ्यपणे मान हलवली, ते तिला जास्त लागलं. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, “किती मिळाले?” तरी बसण्याआधी ती एवढंच बोलली : “या तलावांवर हिवाळ्यात पक्षी मोजायला आजवर कुणी गेलेलंच नाही. नोंद खोटी ठरली म्हणजे पक्षी नाही असं ठरत नाही.” अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत पाहणीची मुदत दिली.

साहेब म्हणाले, “झालं तेवढं पुरे. आता तो नाद सोडा.” बहीण म्हणाली, “तुझं हे नेहमीचंच. हातचं घालवायचं आणि मग शोधत बसायचं.” डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ती गमबूट घालून तलावावर गेली. पंपवाल्याने फाटक उघडलं आणि तो परत आत गेला. पण पुढच्या शनिवारी तो आपणहून कॅमेरा घेऊन बाहेर आला.

तिने एकच अट घातली. दर वेळी पहिला फोटो तिच्या फोनच्या पडद्याचा काढायचा, त्यावर वेळ, तारीख आणि नकाशावरचं ठिकाण दिसेल असा. म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ पुन्हा भरकटलं तरी फरक मोजता येईल. पंपवाला कुरकुरला, “आता फोटोचाही फोटो!” पण काढला.

मग सुरू झाली निव्वळ थट्टा. एका शनिवारी धुकं, हाताचा पंजा दिसेना. एका शनिवारी वारा असा की बोरू नुसता आडवा. एकदा पक्षी दिसला आणि कॅमेऱ्याची बॅटरी थंडीने मेली. जानेवारीच्या मध्यावर ती आली तर नगरपालिकेची माणसं पलीकडच्या तलावातला बोरू कापून मोकळी झालेली. ‘जमीन मोजणीसाठी रान साफ’ असा त्यांच्याकडे कागद. ती बांधावर उभी राहून ओरडली, आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांवर ओरडली. मुकादमाने शांतपणे विचारलं, “बाई, कुठल्या पक्ष्याचं घरटं मोडलं, दाखवा.” थंडीत घरटी नसतात. ती काय दाखवणार?

नऊ फेब्रुवारीला, सकाळी साडेदहाला, उरलेल्या तलावात पाण्यालगत एक तपकिरी ठिपका सरकला. शेपूट सारखं वर उचलत होता. पंपवाल्याने श्वास धरून चार फोटो काढले. पक्षी बोरूत शिरला तो शिरलाच.

कॅमेऱ्यात पाहिलं, तर फोटो हललेले. जूनच्या फोटोइतकेच वाईट. तोच तपकिरी रंग, तीच फिकट भुवई. पंपवाल्याने कपाळावर हात मारला. “पुन्हा तेच!”

“तेच नाही, काका,” ती म्हणाली. “मागचा बोरू बघा. वाळलेला. तारीख पक्की, जागा पक्की. पाहुणा आज इथे नाही.”

तिने नोंद लिहिली तीही हात राखूनच : ‘मिशीवाला वटवट्या, जवळजवळ नक्की. एखादा पाहुणा चुकून मागे राहू शकतो. मात्र तशी नोंद आजवर नाही. शेपूट उचलण्याची सवयही जुळते.’ आणि मूळ फोटो, न कापलेले, फोनच्या पडद्याच्या फोटोसकट.

दुसऱ्या सुनावणीत सल्लागाराने ते नीट पाहिले आणि म्हणाला, हरकत नाही. सदस्यांपैकी एकाने विचारलं, “जून काय नि फेब्रुवारी काय, फोटो तर सारखाच दिसतोय. तेव्हा नाही म्हणाल्या, आता हो?” तिने समजावलं. त्याने जांभई दिली. तिने पुन्हा समजावलं.

निकाल असा लागला : ज्या तलावातला बोरू कापला होता तो जाणार, उरलेला राहणार. वस्तीला वाटलं अर्धं गेलं, नगरपालिकेला वाटलं अर्धं अडलं, आणि दोघांनीही राग तिच्यावरच काढला.

पंपवाल्याने मात्र त्या आठवड्यात तिला एक फोटो पाठवला, बांधावरच्या एका करड्या पक्ष्याचा. खाली स्वतःहून लिहिलं होतं : जुना तलाव, पूर्वेचा बांध, अठ्ठावीस फेब्रुवारी, दुपारी सव्वादोन, घड्याळ तपासलं आहे. फोटोत पक्षी जवळजवळ दिसतच नव्हता.