थंडच पिवळं झालेलं

रायसिंग कंपाउंडरच्या अंगाला आयोडोफॉर्मचा वास यायचा. जखमेवर टाकायची ती पिवळी पूड दिवसातून वीस वेळा हाताळायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? बाजारात तो भाजी घ्यायला उभा राहिला की बायका न वळता म्हणायच्या, "दवाखाना ऊना," म्हणजे दवाखाना आला.

तो मूळचा म्हसावदच्या वरच्या डोंगरातला. झाडलोट करायला नंदुरबारच्या धर्मादाय दवाखान्यात लागला, रात्रशाळेत अक्षरं शिकला, आणि जुन्या डॉक्टरांच्या धाकाने कंपाउंडरीची परीक्षाही पास झाला. डोंगरातल्या माणसांना तो डॉक्टरच वाटायचा. ते त्याला आवडायचं, आणि आवडतं म्हणून लाजही वाटायची.

त्याच्या हातात एक काम असं होतं की ते गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. आबकारीचा जमादार पकडलेली बाटली घेऊन यायचा आणि विचारायचा, "यात दारू आहे की नुसतं पाणी?" मग रायसिंग नळीत त्यातले चार थेंब आणि थोडं पाणी घ्यायचा, आयोडीनचं तांबडं पाणी टाकायचा आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने सोडायचा. तांबडा रंग उडून जेमतेम पिवळसर उरला की हात आवरायचा, कारण सोडा जास्त झाला तर हाताशी आलेलं पिवळं पुन्हा विरून जातं. मग नळी हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात उभी करायची. थोड्या वेळाने आत गढूळपणा यायचा, नळी निवली की तळाला फिकी पिवळी पूड बसायची आणि रोजचा ओळखीचा वास सुटायचा. पिवळं बसलं की दारू. नऊ वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नव्हता.

त्रेचाळीस साली लढाईमुळे स्पिरिट मिळेना. अर्क आणि टिंचर करायचं अडून बसलं. तेव्हा एके सकाळी चांदमल शेठ दवाखान्यात आला. त्याचं बाजारात किराण्याचं दुकान होतं. मागे दिवाल्या हमाल पत्र्याचा एक डबा डोक्यावर घेऊन उभा होता. स्टेशनवर कुणी न सोडवलेल्या मालाचा लिलाव झाला, त्यात चांदमलने तो डबा घेतला होता. वरचा कागद पावसात धुऊन गेला होता.

"रायसिंगभाऊ, हाई स्पिरिट शे," चांदमल म्हणाला. "नाव धुवाई गयं, पण माल तं धुवाई गया नही ना? दवाखानाले पाहिजे तं लई ल्या."

"डॉक्टर उद्या येतील, शेठ. गावोगाव लस टोचायला गेले आहेत."

"तुन्हा हातमा डाक्टरपेक्षा जास्त गुण शे. तू दख ना!"

दिवाल्या डबा उतरवून भिंतीला टेकला होता. तो आणि रायसिंग एकाच पाड्यावरचे. लहानपणी एकाच ओढ्यात खेकडे धरलेले. तो हसून म्हणाला, "दख भाऊ, दख. शेठ सकायपासून माले त्या डबाजोडे उभा करी ऱ्हायना. जसं काय त्यामा सोनं शे."

रायसिंगने झाकण काढलं. वास तीव्र होता आणि त्यात किंचित धुरकटपणा होता. मोहाच्या दारूलाही धुराचा वास असतोच, असं त्याने स्वतःला सांगितलं. नळी घेतली, चार थेंब, पाणी, आयोडीन, मग सोडा. गरम पाण्याचं भांडं चुलीवर होतं, पण तिकडे जायची वेळच आली नाही. सोड्याचे शेवटचे थेंब पडतात न पडतात तोच नळी दुधासारखी गढूळली, पिवळी झाली, आणि पाहता पाहता तळाला बोटभर पूड बसली.

"एवढं!" रायसिंगच्या तोंडून निघालं.

नऊ वर्षांत इतकं पिवळं त्याने पाहिलं नव्हतं, आणि तेही न तापवता. आबकारीच्या बाटल्या पाणी घातलेल्या असायच्या, त्या रेंगाळायच्या. हा माल जोरदार असणार, म्हणूनच लगेच बसला. जितकं पिवळं तितकं चांगलं, असा अर्थ त्याने लावला. त्याच्या जागी दुसराही तेच म्हणाला असता.

"शेठ, चांगलं आहे. मोठ्या ताकदीचं आहे. डबा ठेवून जा."

चांदमल खुश होऊन निघून गेला. दिवाल्या मात्र हलेना.

"चांगलं शे म्हणस, मंग माले घोटभर दे. डबा डोकावर कोनी वाहा?"

"हे औषधाचं आहे रे."

"तू डाक्टर व्हई गया, आते आपला माणूस तुले वळखू येस नही."

हे ऐकलं की रायसिंगचा धीर सुटायचा. त्याने औषध मोजायच्या पेल्यात दोन औंस मोजले आणि तेवढंच पाणी घातलं. दिवाल्याने पहिले काही थेंब जमिनीवर शिंपले, डोंगरात देवाला आणि गेलेल्यांना देतात तसे. मग पेला तोंडाला लावला.

"धूर लागस," तो तोंड पुसत म्हणाला, "पण शे झकास."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर परत आले. रायसिंगने ती नळी तशीच जपून ठेवली होती. दाखवायची होती ना! त्याने ती उजेडात धरली आणि डबा दाखवला. डॉक्टरांनी नळी हलवली, वास घेतला, भिंगातून कण पाहिले.

"आयोडोफॉर्म आहे, शंका नाही," ते म्हणाले. "किती वेळ तापवलंस?"

"तापवलंच नाही साहेब. थंडच बसलं. सोडा टाकला आणि लगेच."

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच विरून गेलं.

"थंड? लगेच? आणि एवढं?"

"होय साहेब. चुकलं का?"

त्यांनी कपाटातून स्वतःची छोटी बाटली काढली. शुद्ध स्पिरिट, शेवटचं. दोन नळ्या मांडल्या, एकीत त्यातले थेंब, दुसरीत डब्यातले. या वेळी सोडा नाही घेतला. दोन्हीत अमोनियाचं पाणी घातलं आणि वरून आयोडीनचं पाणी. दोन्हीत काळा ढग उठला आणि हळूहळू विरला. बाटलीतल्या स्पिरिटच्या नळीत मागे काही उरलं नाही. डब्याच्या नळीत पुन्हा पिवळी पूड बसली.

"ही काळी पूड सुकू द्यायची नाही, सुकली तर फुटते," डॉक्टर म्हणाले आणि दोन्ही नळ्या भरपूर पाण्याखाली धुऊन टाकल्या. मग त्याच्याकडे वळून सावकाश बोलले, जणू शब्द मोजत आहेत. "दारूही पिवळं देते, रायसिंग, पण तिला ऊब लागते आणि अमोनियात ती देत नाही. जे न तापवता लगेच देतं आणि अमोनियातही देतं, ते अॅसिटोन. दारूत अॅसिटोन कशाला येईल? ते लाकडाच्या स्पिरिटमध्ये असतं. लाकूड बंद भांड्यात जाळून काढतात ते. लाकडी सामानाच्या पॉलिशला वापरतात. त्यातलं मुख्य स्पिरिट विषारी. ते ह्या चाचणीत पिवळं देतच नाही, अॅसिटोनच्या आड लपून बसतं. दोन घोटांत माणसाचे डोळे जातात, कधी जीवही. बरं झालं, टिंचर केलं नाहीस."

रायसिंगने मोरीकडे पाहिलं. कालचा मोजपेला अजून मोरीवर पालथा होता.

"साहेब," तो म्हणाला. "दिवाल्याला दिलं. दोन औंस. मी दिलं."

डॉक्टर टोपी न घेताच बाहेर पडले.

दिवाल्याची झोपडी स्टेशनमागे होती. त्याची बायको कालीबाई दारातच भेटली. तिने रायसिंगला पाहिलं आणि आनंदाने नव्हे, सुटकेने हात जोडले.

"बरं व्हयनं तुम्ही ऊनात. सकायपासून वकी ऱ्हायना, पोटमा पाणी बी ठरत नही. आणि म्हणस, घरमा एवढा धूर काबर शे. मी चूल बी पेटाडी नही."

रायसिंग उंबऱ्यावरच थांबला. झोपडीत धूर नव्हता. छपराच्या फटीतून ऊन सरळ खाली येत होतं, इतकं स्वच्छ की त्यात धूळसुद्धा दिसत होती. त्या उन्हात दिवाल्या डोळे उघडे ठेवून पडला होता आणि त्याच्याकडेच पाहत होता, पण पाहत नव्हता.

"कोन शे?" तो म्हणाला.

बैलगाडीतून त्याला दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी पोट धुतलं आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पेल्यामागून पेला पाजलं. श्वास जोरजोरात चालला होता, तो दुपारपर्यंत जरा बसला. डोळ्यांवर ओली पट्टी बांधली. रायसिंग पेले भरून देत होता. कालीबाई कोपऱ्यात बसून एकच विचारत होती, "कशानी व्हयनं?" आणि तिला कुणी सांगत नव्हतं. चांदमलला बोलावणं गेलं. तो आला, डबा पाहिला आणि जागच्या जागी बसला. "मी तं माल म्हणून लीधा," एवढंच म्हणत राहिला.

संध्याकाळी रायसिंगने कालीबाईला सांगितलं. सगळं. नळी, पिवळं, घोटभर दे, दोन औंस. ती ओरडली नाही. तिने पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, "मंग तुले दिखनं नही का ते, नळीमा?" रायसिंगला पिवळं दिसलं होतं, स्वच्छ दिसलं होतं. दिसूनही कळलं नाही, याचंच त्याला आश्चर्य वाटत होतं.

चौथ्या दिवशी पट्टी काढली. जीव राहिला होता. डॉक्टरांनी काडी पेटवून डोळ्यासमोरून फिरवली. दिवाल्याला उजेड कळत होता, दार कोणत्या बाजूला आहे ते कळत होतं. माणूस कळत नव्हता. डॉक्टर पुन्हा पुन्हा काडी पेटवत राहिले, चार-पाच काड्या झाल्या, मग त्यांनी पेटी खिशात टाकली.

ते बाहेर गेल्यावर रायसिंग खाटेशी बसला.

"दिवाल्या, मी म्हणालो होतो चांगलं आहे."

"म्हणना व्हता."

"चूक माझी आहे."

दिवाल्याने हात पुढे केला, रायसिंगचं मनगट सापडेपर्यंत खाटेवर चाचपडला, आणि धरलं. घट्ट धरलं, दुखेल इतकं.

"माले एक सांग," तो म्हणाला. "ते कितलं पिवयं व्हतं? हयदीसारखं?"

रायसिंगने आठवून पाहिलं.

"नाही रे. हळदीपेक्षा फिकं."

"कोवयं ऊन ऱ्हास तसं?"

"त्याच्याहून थोडं गडद."

"मंग कसं? नीट सांग ना," दिवाल्या म्हणाला आणि त्याचं मनगट सोडलं नाही.