मोहिनीची म्हातारी

मोहिनी भोये आमच्या स्टुडिओत आली तेव्हा तिला एक्स-शीट म्हणजे काय हेसुद्धा माहीत नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतोय. गंगापूर रोडवर मेडिकलच्या वर आमचा छोटा ॲनिमेशन स्टुडिओ आहे, मी तिथे एकोणीस वर्षं चित्रं हलवतोय. बाई सुरगाण्याकडची. आश्रमशाळेत चित्रकला शिकवायची, मग मोबाईलवर बोटानं छोट्या छोट्या फिती करायला लागली आणि आमच्या स्नेहल मॅडमना त्या आवडल्या. डबा खाताना तोंडाने बोलायची कमी, टिश्यूवर पेनाने गिरवायची जास्त. तो टिश्यू मी दोनदा उचलून घरी नेलाय. बायकोला दाखवायला नव्हे, एकट्याने बघायला.

तिची रीत म्हणजे पहिलं चित्र काढायचं, मग दुसरं, मग तिसरं. शेवट कुठे होणार हे काढता काढताच कळणार. याला स्ट्रेट अहेड म्हणतात. आग, पाणी, धूर, उडणारं कापड यांना ही रीत शोभते. माझी रीत पोझ टू पोझ. आधी महत्त्वाच्या पोझ काढायच्या, त्यांना आम्ही की म्हणतो. त्या वेळेच्या खुणांवर बसवायच्या आणि मग मधल्या जागा भरत जायच्या. माणूस लहानमोठा होत नाही, पाय ठरल्या क्षणी ठरल्या जागी पडतो. मी एकोणीस वर्षांत एकही पाय चुकवलेला नाही, आणि मला वाटायचं की पाय न चुकणं म्हणजेच सगळं.

आमच्याकडे अजून एक जुनी पद्धत आहे. एक्स-शीट, म्हणजे कोणत्या फ्रेमला काय घडायचं त्याचा तक्ता, कागदावर असतो. शॉटच्या की ज्याने काढल्या त्याचं नाव त्या कागदाच्या कोपऱ्यात येतं. मधली चित्रं भरणाऱ्यांचं येत नाही. नव्या बारा मिनिटांच्या फिल्मच्या एका शॉटसाठी मॅडमनी जाहीर केलं की या कोपऱ्यात ज्याचं नाव येईल, तोच फिल्मच्या टीमचा प्रमुख.

शॉट सहा सेकंदांचा. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली म्हातारी ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे जाते. मध्ये पाय सटकतो, ती सावरते, शेवटच्या दगडावर येते आणि “हुश्श” म्हणते. आवाज आधीच रेकॉर्ड झालेला, हुश्श एकशेविसाव्या फ्रेमला. सेकंदाला चोवीस फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम दिसतं, म्हणजे शेवटचा दगड साठाव्या चित्राला आलाच पाहिजे.

सोमवारी मॅडमनी शीट माझ्या हातात दिली. “मोहिनी पहिला प्रयत्न करेल, तिला द्या.”

मी तिला ओढ्याचं पार्श्वभूमीचं चित्र दिलं आणि एवढंच सांगितलं, “सहा सेकंद. बाई ओढा ओलांडते.”

हुश्शची फ्रेम लिहिलेली शीट मी माझ्या खणात ठेवली. विसरलो नव्हतो. तिच्या रीतीने ती घसरणार हे मला ठाऊक होतं, आणि ती घसरताना मला बघायचं होतं. एवढा मी जळत होतो.

बुधवारी सगळे स्क्रीनपुढे जमलो. म्हातारी निघाली तेव्हा काठावरच्या झुडपाएवढी होती, पलीकडे पोहोचेपर्यंत तिचा भारा स्क्रीनच्या वर गेला. चित्रामागून चित्र काढताना हे होतंच, प्रत्येक वेळी केसभर वाढ आणि शेवटी दुप्पट बाई. शेवटच्या दगडावर ती सत्तराव्या चित्राला पोहोचली. हुश्श आलं तेव्हा तिचा एक पाय अजून हवेत होता. कोणीतरी हसलं. मला फार बरं वाटलं.

“यादव सर, तुम्ही करा,” मॅडम म्हणाल्या.

मी एका दिवसात केला. पाच की, बरोबर साठाव्या चित्राला दगड, मापात केसाचा फरक नाही. गुरुवारी संध्याकाळी लावला. कोणी हसलं नाही.

“बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण ही पडेल की काय, असं मला एकदाही वाटलं नाही.”

शनिवारी शॉट द्यायचा होता. शुक्रवारी सगळे जेवायला गेल्यावर मी मोहिनीची फीत एकेक चित्र पुढे सरकवत पाहिली. अडतिसाव्या चित्राला टाच निसटते. भारा एकीकडे कलतो, कंबर दुसरीकडे, आणि हात भाऱ्याकडे जायच्या ऐवजी आधी अंगावर पदरासारखी घेतलेली फडकी धरायला जातो. पडता पडता म्हातारीला पदराची लाज आधी आठवते! हे मला सुचलं नसतं. पाच पोझ आखून बसलेल्या माणसाला हे सुचतच नाही, ते एकामागून एक चित्र काढण्याच्या ओघात हाताला सापडतं.

पण शनिवारी माझी ती निर्जीव म्हातारी माझ्या नावाने गेली असती तर नाक माझंच कापलं गेलं असतं. मोहिनी जेवून आली तेव्हा मी म्हणालो, “बस. तुझ्यातली पाच चित्रं निवडू. निघते ती, सटकण्याच्या आधीचं, सावरल्यानंतरचं, शेवटचं पाऊल आणि हुश्श.”

“मंग मधलं?” तिने विचारलं.

“चालणं मी भरतो. सटकणं तू काढ, तुझ्या रीतीने. पण आता सुरुवात आणि शेवट ठरलेले. मध्ये नऊ चित्रं, त्यात काय हवं ते कर.”

मी तिची पाच चित्रं लहानमोठी करून एका मापात आणली आणि वेळेवर बसवली. त्या पाचांच्या आधाराने तिने सटकणं पुन्हा सरळ काढत नेलं. अंगाचं काम पुरं झाल्यावर तिने फडकी, गवताची टोकं आणि पाणी पहिल्या फ्रेमपासून ओळीने काढलं, कारण कापड अंगाच्या मागून जातं, त्याच्या पोझ आधी ठरवल्या तर ते पत्र्यासारखं दिसतं.

शनिवारी सकाळी शॉट लागला. म्हातारी सटकली तेव्हा मॅडमनी खुर्चीचा हात घट्ट धरला. हुश्शला पाय दगडावर होता.

“कोपऱ्यात कोणाचं नाव?” मॅडमनी विचारलं. “शीट आणा.”

मी खण उघडला. शीटच्या वर ‘मोहिनीसाठी, सोमवार’ असं मॅडमच्याच अक्षरात लिहिलेलं. मॅडमनी त्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ही तिला दिलीच नाहीत?” त्यांनी विचारलं.

“मला ठाव होतं, मॅडम,” मोहिनी म्हणाली. “मंगळवारीच रबर घ्यायला गेले तवा सरांच्या खणात बघितली. मागणार होते. मंग म्हटलं, आधी म्हातारीला तिच्या मनानं चालू दे, कुठं सटकते ते तरी कळंल. शीट काय, नंतर बी मिळंल.”

मी पेन घेतलं. की मी निवडल्या, मापात मी आणल्या, वेळेवर मी बसवल्या. पण काढल्या तिने. मी कोपऱ्यात ‘मोहिनी भोये’ लिहिलं, नीट अक्षरात, आणि कागद पुढे सरकवला.

तिच्या हाताखाली काम करतोय त्याला आता आठ महिने झाले. सटकण्याची, पडण्याची, वाऱ्याची चित्रं ती काढते, माझ्याकडे पाय येतात. चांगली वागते. सर म्हणते. मला तिचा हेवा अजून वाटतो, तिच्या हाताचा तर वाटतोच. पण त्या मंगळवारी तिने शीट मागितली असती, तर मी “माझ्याकडे नाही” म्हणालो असतो. ते खोटंसुद्धा तिने मला बोलू दिलं नाही, याचा मला जास्त राग येतो.