वरच्या फळीवरची ट्यूब

सौंसरच्या दातांच्या दवाखान्यात मी लेकीला घेऊन बसले होते. सात वर्षांच्या पोरीच्या तीन दाढा किडल्या होत्या, अन् चॉकलेट तर मी घरात शिरूच देत नव्हते. मग कीड आली कुठून?

"पेस्ट कोणती वापरता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी पर्समधून लेकीची ट्यूब काढली. "लेकराले फक्त हर्बल. फ्लोराईडवाली मी सोतासाठी ठेवते."

मोबाईलवर फ्लोराईडला लहान मुलांसाठी विष म्हणणारा मेसेज आला, तेव्हापासून माझी ट्यूब वरच्या फळीवर होती. लेकीचा हात पुरू नये म्हणून.

बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. "लवंग-कडुनिंबानं तोंड ताजं वाटते, बस. यात फ्लोराईड नाही. किडीपासून दात तेच वाचवते, मोठ्यायचेही अन् लहानायचेही. काही हर्बलमध्ये असते, पाहून घेत जा. इले वाटाण्याएवढी पेस्ट द्या, गिळू नका देऊ."

मला खुर्चीवर बसवेना. मेसेज पाठवणाऱ्यावर चिडू की स्वतःवर?

पांढुर्ण्याच्या बसमध्ये लेकीनं माझ्या पर्समधली तिची ट्यूब काढून पाहिली. मग म्हणाली, "आई, दात वाचवणारी पेस्ट तू एकटीच लावून राहिली होती?"