सगळ्या चाकणला माझ्या मेलची चावी

राव, हा शहाणपणा माझाच. काकांचं चाकणला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, मी तिथेच मदतीला बसते, आणि तिथला कॉम्प्युटर मी लावून दिला होता, म्हणून त्यावर अकाउंट एकच, माझं. लाइट गेली की मशीन बंद, आली की पासवर्ड. काका दर वेळी मला हाक मारून विचारायचे, आणि मी गिऱ्हाइकांच्या घोळक्यात तो मोठ्याने सांगायचे.

शेवटी मी वैतागले. सेटिंगमध्ये जाऊन ‘पासवर्ड विचारा’ समोरची टिक काढली, पासवर्ड दोनदा टाकला, झालं. आता मशीन सुरू झालं की थेट आत. पासवर्ड होताच, फक्त कॉम्प्युटर तो माझ्या वतीने स्वतःच भरत होता. ब्राउझरमध्ये माझा मेल कायम उघडा. काकांनी मला डोक्यावर घेतलं. मीही स्वतःला आयटीवाली समजायला लागले.

तेव्हा मी एका कंपनीत डेटा एंट्रीसाठी अर्ज केला होता. दोन वर्षं मी असल्या नोकरीच्या मागे होते, आणि इंटरव्ह्यूचं बोलावणं कधीही येईल म्हणून दिवसातून वीसदा मेल बघायचे.

मेल आला. लिहिलं होतं, या एकाच पत्त्यावरून आम्हाला नऊ वेगवेगळ्या नावांचे अर्ज आलेत, आम्ही एजंटकडून अर्ज घेत नाही.

मी मेलमधलं ‘सेंट’ उघडलं. माझ्यानंतर आठ जणांनी तिथूनच त्याच कंपनीला बायोडेटा पाठवले होते! लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरने तर माझाच अर्ज उघडून फक्त फाइल बदलली होती. खाली माझं नाव, माझी सही आणि ‘मी एक मेहनती मुलगी आहे’ हे वाक्य जसंच्या तसं.

काकांना विचारलं तर त्यांनी शांतपणे सांगून टाकलं. मी जेवायला गेले की ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "बसा, तुमचं तुम्हीच पाठवा. दुकानाचा मेल उघडाच हाय."

दुकानाचा मेल!

मी ताबडतोब मेलचा पासवर्ड बदलला, ब्राउझरमधून बाहेर आले, टिक परत लावली आणि गिऱ्हाइकांसाठी वेगळं साधं अकाउंट काढलं. काकांनी एवढ्या वेळात तीनदा विचारलं की आता दर वेळी पासवर्ड लिहायचा का. मी हो म्हटलं.

मग धीर करून कंपनीत फोन लावला. एचआरच्या बाईंना सगळं सांगितलं. टिक, लाइट, टर्नर, मेहनती मुलगी, सगळं. त्या मध्येच हसल्या, मला वाटलं जमलं.

त्या म्हणाल्या, "अगं, खरं बोलतेस, पटलं मला. पण आमचा सगळा डेटा जिच्या हातात द्यायचा, तिनेच पासवर्ड काढून टाकला, हे मी वरती काय सांगू?"