अंगाचे माप आणि स्वेटरचे माप

माझी थोरली बहीण, आमची अक्का, गेली कित्येक वर्षे लोकरीच्या एका दुकानात दुपारची बसते. दुकान अरुंद आहे. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर रंगांप्रमाणे लावलेले लोकरीचे गुंडे, आणि शेवटी खिडकीपाशी अक्काची खुर्ची. लोकर घेणाऱ्या बायकांना किती टाके घालायचे, हे ती सांगते. त्याशिवाय लोकांचे स्वेटर विणून देते. मेहुणे अकाली गेले तेव्हा मुलगा शाळेत होता. त्याचे शिक्षण या दोन सुयांवर झाले.

स्वेटर विणायला बसलेल्या बाईला अक्का तीन प्रश्न विचारते. पहिला, छातीचे माप किती? दुसरा, हे माप अंगाचे आहे की जुन्या स्वेटरचे? आणि तिसरा, आत काय घालणार?

हा तिसरा प्रश्न बायकांना चोंबडेपणाचा वाटतो. पण सगळी गोम त्यातच असते. टेप काखेखालून, छातीच्या सर्वांत भरीव भागावरून फिरवायची, पाठीवर ती घसरू द्यायची नाही, माणसाने हात खाली सोडून नेहमीसारखा श्वास घ्यायचा. हे झाले अंगाचे माप. स्वेटर तेवढाच विणला तर तो कातडीसारखा चिकटतो. म्हणून वर सैलपणा धरायचा. पातळ सदऱ्यावर घालायचा असेल तर अक्का चार इंच देते. अंगाबरोबर बसणारा हवा असेल तर दोन. आणि जाड कपड्यांवर चढवायचा असेल तर सहा, आठसुद्धा. ही बेरीज झाली की मग नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून एका इंचात किती टाके बसतात ते मोजायचे आणि गुणाकार करायचा. एखादी बाई “अंदाजे जास्तच टाके घालते” म्हणाली, की अक्का चष्म्यावरून बघून म्हणते, “अंदाजानं मीठ घाला. टाके अंदाजानं घातले तर स्वेटर नवऱ्याला नाही, खुर्चीला होतो.”

एवढी काटेकोर बाई चुकली, आणि चुकली तीही स्वतःच्या मुलाच्या स्वेटरमध्ये. त्याचे कारण विहीणबाई.

माझा भाचा लग्नानंतर नोकरीच्या गावी राहायला गेला. फळे साठवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो देखरेखीचे काम करतो. सुनेचे माहेर त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे. विहीणबाई शिवणाच्या शिक्षिका होत्या, आता घरी असतात. त्यांनाही विणता येते, हे अक्काला लग्नानंतर कळले. “आधी सांगितलं असतं तर?” असे मी गमतीने विचारले, तेव्हा ती हसली नाही.

जन्मल्यापासून भाच्याच्या अंगावर अक्काने विणलेल्याशिवाय दुसरा स्वेटर चढला नव्हता. विकतचासुद्धा नाही. लग्नात त्याची छाती अडतीस होती, हे ती स्वतःच्या वयापेक्षा चटकन सांगायची. आणि एक दिवस फोनवर सुनेने सहज सांगितले, की तिच्या आईने ह्यांच्यासाठी स्वेटर विणला आणि ह्यांना तो फार आवडला, रोज घालतात.

“रोज?” अक्काने विचारले.

“हो आई, धुवायचा दिवस सोडला तर एकही चुकवत नाहीत.”

त्या ‘रोज’ने तिला अन्न गोड लागेना. आपण दिलेला निळा स्वेटर त्याने शेवटचा केव्हा घातला होता, हे ती मला विचारू लागली, जणू मी त्याचे कपाट सांभाळत होतो. पुढे भाच्याला प्रशिक्षणासाठी एका थंड शहरात जायचे ठरले आणि अक्काने मनाशी खूणगाठ बांधली. त्या प्रवासाला मुलगा जाईल तो आईचा स्वेटर घालून. विहिणीचा नाही.

आम्ही दोघे भाच्याकडे गेलो तेव्हा तो कामावर होता. सून चहा टाकायला आत गेली. बाहेरच्या खोलीत, खाटेवर टॉवेल पसरून त्यावर एक राखाडी स्वेटर वाळत घातला होता. न लटकवता, बाह्या नीट पसरून, जसा घालावा तसा. अक्का त्याच्याकडे सवतीकडे बघावे तशी बघत उभी राहिली. मग तिने पिशवीतून टेप काढली.

“तू दाराकडे बघ,” ती मला हळूच म्हणाली.

“अक्का, घर मुलाचं आहे. सुनेला विचार ना त्याचं माप.”

“विचारू? आईनं मुलाचं माप सुनेला विचारायचं? आणि संध्याकाळी ते विहिणीच्या घरी पोचायचं?”

तिने काखेखाली टेप आडवी लावली. तेवीस इंच. दुप्पट केली, शेहेचाळीस. तिचा चेहरा उतरला. परतताना बसमध्ये तिने हिशोब उलगडून सांगितला. शेहेचाळीस हे स्वेटरचे माप. त्यातून सैलपणाचे चार वजा. अंग बेचाळीस. म्हणजे लग्नानंतर मुलाच्या छातीवर चार इंच चढले.

“माझ्या हातचं खाऊन कधी चढलं नाही ते,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “तिच्या हातचं अंगी लागतं त्याला.”

मी म्हणालो, की संध्याकाळी भेटला तेव्हा तो मला होता तसाच दिसला. त्यावर, गाल बघितलेस का, असे तिने ऐकवले. मत्सराच्या चष्म्यातून गालही फुगलेले दिसतात. वजाबाकी बरोबर होती, पण वजा करायचा आकडा तिने स्वतःच्या सवयीतून घेतला होता. विहीणबाईंनीही चारच इंच दिले असतील, असे ती धरून चालली. दुकानात प्रत्येकीला विचारायचा तो तिसरा प्रश्न तिने इथे कोणालाच विचारला नाही. विचारायचे तर तोंड उघडावे लागले असते.

तिने दुकानातली सगळ्यांत मऊ लोकर निवडली, गर्द तपकिरी. इंचाला पाच टाके बसत होते. शेहेचाळीसचे दोनशे तीस, पुढचा भाग एकशे पंधरा, मागचा एकशे पंधरा, शिवणीसाठी दोन्हींत दोन दोन जास्त. दुकानदाराने टाके बघून विचारले, “कोणा पहिलवानाचा?” ती म्हणाली, “सासुरवाडीनं पोसलेल्याचा.”

प्रवासाच्या महिनाभर आधी आम्ही पुन्हा गेलो. विहीणबाई आल्या होत्या. अक्काने ठरवूनच त्या असण्याचा दिवस धरला असावा, असे मला आजही वाटते. पातळ सदऱ्यावर भाच्याने तो स्वेटर चढवला आणि हात खाली सोडले.

खांद्याची शिवण दंडावर आली. काखेखाली लोकरीच्या घड्या पडल्या, आणि छातीवर दुसरा माणूस मावेल एवढी जागा उरली. भाचा बिचारा बाह्या वर सारत म्हणाला, “उबदार आहे हं, आई.”

विहीणबाई म्हणाल्या, “सैलच बरा असतो हो. प्रवासात बरा पडतो.”

ते त्या मनापासून म्हणाल्या असतील. अक्काला मात्र ते सुईसारखे टोचले. “तुमचाही एवढाच आहे,” ती म्हणाली. “शेहेचाळीस.”

तुम्हाला कसे कळले, असे विहीणबाईंनी विचारले नाही. सुनेने खाटेकडे बघितले आणि मग जमिनीकडे. मी पाण्याचा पेला उचलला.

भाचाच हसला. “अगं आई, तो माझ्या अंगावर नसतोच. कोल्ड स्टोरेजमध्ये कापूस भरलेलं जाड जाकीट घालावं लागतं, तरी वारा शिरतो. तो जाकिटावरून घालायचा आहे. त्यांनी माप घेतलं तेच जाकीट घालायला लावून.”

“अंगाच्या मापावर आठ इंच धरले मी,” विहीणबाई म्हणाल्या. “नाहीतर चढलाच नसता.”

अक्का उठली, पिशवीतून टेप काढली आणि मुलाला म्हणाली, “काढ तो. सदऱ्यावर उभा राहा. हात खाली. पोट आत ओढू नकोस.” तिने टेप काखेखालून फिरवली, पाठीमागे बोट घालून सरळ केली, आकड्यावर वाकली. मुलाच्या छातीशी एवढी जवळ ती लग्नानंतर पहिल्यांदाच गेली होती.

“अडतीस,” ती म्हणाली. मग पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असे, “अडतीसच.”

तिचा चेहरा असा उजळला, की स्वेटर वाया गेला याचे दुःख कुठे दिसेना. नंतर स्वयंपाकघराच्या दाराशी मला गाठून ती कुजबुजली, “तिचा तो जाकिटाचा स्वेटर, रे. माझा अंगाचा.” रोज घालतो तो जाकिटावर, ही गोष्ट तिने मला त्या दिवसात तीनदा सांगितली.

स्वेटर तिथेच उसवायला घेतला. लडी करायला समोर कोणीतरी दोन हात पसरून बसावे लागते. मी हात पुढे केले, पण विहीणबाई आधीच पाट ओढून बसल्या होत्या. अक्का उसवत होती, त्यांच्या हातांवर कुरळी लोकर गुंडाळत होती, आणि दोघी एकमेकींच्या विणीचे इतके कौतुक करत होत्या, की त्यातले एक अक्षरही खरे नव्हते. “तुमची बॉर्डर काय घट्ट असते.” “अहो, तुमची ती सैल वीणच छान, हवेशीर.”

घरी येऊन तिने लोकर धुतली, कुरळेपणा जाईपर्यंत वाळवली. अडतीस आणि चार, बेचाळीस. दोनशे दहा टाके, एका भागाला एकशे पाच, आणि शिवणीचे दोन. दुकानदाराने विचारले, “पहिलवान वाळला वाटतं?” या वेळी ती हसली.

स्वेटर वेळेत पोचला. प्रशिक्षणाच्या शहरातून भाच्याने मोबाईलवर फोटो पाठवला. अक्काने तो माझ्याकडून मोठा करून घेतला. शिवण बरोबर खांद्याच्या टोकाला होती. छातीवर ना ताण, ना घडी. ती समाधानाने मान हलवत होती, आणि एकदम थांबली. गळ्याभोवती राखाडी मफलर होता. त्याच राखाडी लोकरीचा.

“मफलर काय,” ती म्हणाली, “त्याला माप लागत नाही. कोणालाही विणता येतो.”

थोड्या वेळाने ती टेप घेऊन आली आणि माझ्या कपाळाभोवती गुंडाळू लागली. भाच्याचे डोके मामावर गेले आहे, असे ती नेहमी म्हणते. आकडा वाचायला वाकली आणि कोण जाणे का, टेप सोडून दिली.

“नको,” ती म्हणाली. “येऊ दे त्याला. टोपीचं माप त्याच्याच डोक्याचं घेईन.”