ड्युटीवरचा साहेब

लडकूचा डोळा साहेबानं फोडला. खटला फोडला तो किशोरनं, आणि वर टायपिंगचे पैसेही घेतले नाहीत.

किशोर खालापूर कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज टाइप करतो. दहावीनंतर तो रसायनीच्या एका कारखान्यात हेल्पर होता. तिथंच कामाला असलेल्या त्याच्या बापाचा हात रसायनाच्या टाकीचं झाकण उडून कोपरापर्यंत सोलला गेला. मालक म्हणाला, "हा ड्युटीवर नव्हताच." झालं, भरपाई बुडाली. तेव्हापासून किशोर कुठल्याही अर्जात 'ड्युटीवर असताना' हे शब्द मिठासारखे टाकतो. कुत्रा चावल्याच्या अर्जातही टाकले होते; कुत्र्याच्या की माणसाच्या ड्युटीवर, हे कुणी विचारलं नाही.

लडकू डोंगरातल्या ठाकरवाडीचा. एका रविवारी वाडीच्या पिण्याच्या झऱ्यात चार पाहुणे बाटल्या घेऊन उतरले. त्यातला एक साहेब परदेशी, मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा अधिकारी; गाडीही संस्थेचीच. लडकू म्हणाला, "सायेब, पानी पितो आमी." साहेबानं गाडीतून चाक खोलायचा लोखंडी पाना काढला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. लडकू पाण्यात पडला तरी तिसरा बसला. बायको आवडी मधे आली, तिचं मनगट मोडलं. झरा बराच वेळ लाल होता.

लेखी फिर्याद किशोरनं टाइप केली: "सदर अधिकारी संस्थेच्या गाडीने ड्युटीवर आले असताना..." आपण साहेबाला पक्का अडकवला, म्हणून त्या दिवशी त्यानं स्वतःला भजी खाऊ घातली.

पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं. मग साहेबाचा वकील कागद घेऊन उभा राहिला. अशा संस्थांना सरकारनं कायद्यानं संरक्षण दिलंय. अधिकाऱ्यानं संस्थेचं काम करताना जे केलं, त्यासाठी इथल्या कोर्टात त्याच्यावर खटला चालत नाही. "आणि ते कामावर होते, हे फिर्यादीच म्हणतो!"

बाहेर सरकारी वकील हर्षलाबाईंनी किशोरला धरलं. "हे ड्युटीवर कुणी घुसडलं?"

"मीच. म्हटलं, केस मजबूत होईल."

"झाली ना मजबूत, त्याची! अरे, ते कवच कामासाठी असतं, माणसासाठी नाही. माणसं झोडणं हे कुठल्या संस्थेचं काम असतं? पण तुझ्या कागदानं तेच कबूल केलंय."

"मग आता?"

"पुरवणी जबाब. रविवार होता, दारू होती, काम नव्हतं, हे लडकूनं सांगायचं. ड्युटीचा शब्द तुझा, हे तू सांगायचं. मी कोर्टाला विनंती करते, परराष्ट्र खात्यामार्फत संस्थेला विचारा. काम नव्हतं म्हणाले तर प्रश्नच मिटला. काम होतं म्हणाले, तरी कवच काढून घ्यायचा अधिकार संस्थेला आहे. पण आधी वाडीवर जा."

किशोर गेला. चूक सांगायला तोंड उघडलं आणि बंद करायची उसंत मिळाली नाही. लडकूचा भाऊ शुक्रा ऐकता ऐकताच उठला. पहिल्या बुक्कीत ओठ फाटला, दुसरीत उजवी दाढ हलली, तिसरीत ती हातात आली. किशोर कुडावर आदळला, कूड त्याच्यासकट खाली गेला.

"माज्या भावाचा डोला तुज्या कागदानं पुसलास काय रं?" शुक्रानं मानेवर गुडघा रोवून कोयता उचलला.

"सोड त्याला!" आवडी ओरडली. "मेला तर जबाब कोन देल, तुजा बा?"

शुक्रानं कोयता किशोरच्या कानाजवळच्या खांबात घातला आणि रडायला बसला.

किशोरनं सुजलेल्या तोंडानं जबाब दिला. फौजदारानं विचारलं, "हे कुणी केलं?" तो म्हणाला, "घसरलो." आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं 'ड्युटीवर असताना' जोडलं नाही.

आठ महिन्यांनी संस्थेचं उत्तर आलं: त्या दिवशी अधिकारी सुट्टीवर होते, गाडी विनापरवाना नेली होती, त्या कृत्याचा संस्थेच्या कामाशी संबंध नाही, म्हणून संरक्षणाचा दावा नाही. कोर्टानं हरकत फेटाळली. खटला चालणार! फक्त साहेब नव्हता. तो महिन्यापूर्वीच नोकरी सोडून आपल्या देशी गेला होता. वॉरंट निघालं, ते परदेशी बजावायला दिल्लीच्या वाटेला लागलं.

लडकूनं उरल्या डोळ्यानं आरोपीच्या रिकाम्या पिंजऱ्याकडं पाहिलं. "पन चालनार ना?"

"आला की चालणार," हर्षलाबाई म्हणाल्या.

बाहेर शुक्रा किशोरच्या टेबलापाशी घुटमळला. "तुजी माफी मागायची हाय मला. दाताची."

"मग माग की."

"आज नाय. सायेब त्या पिंजऱ्यात उभा रायल, त्या दिशी."

त्याला दोन वर्षं झाली. किशोर अजून डाव्या बाजूनंच चावतो.